कपडे बदलले, पण चेहरा तोच राहिला का? स्कोअर आणि डोळे दोन्ही लावून कसं तपासायचं

हिंदमाताच्या साडीवाल्यांची कॅटलॉगची कामं करणाऱ्यांकडे हल्ली एक गोष्ट सर्रास चालते, मॉडेलचा एकच चांगला फोटो काढायचा आणि मग एआय टूलने त्यावर पैठणी, नऊवारी, कुर्ती, ब्लेझर असं सगळं चढवायचं. पार्टीचं लक्ष साडीच्या काठाकडे असतं, आपलं पदराच्या चुण्यांकडे, आणि चेहऱ्याकडे कोणीच नीट बघत नाही. मग कॅटलॉग छापून येतो आणि मॉडेल स्वतः म्हणते की पान ६ वर मी आहे पण पान ९ वर ही कोण? तिच्या चेहऱ्याचे पैसे दिलेत, तिने परवानगी तिच्या चेहऱ्याची दिलीये, तर तो चेहरा शाबूत राहिला की नाही हे तपासून देणं आपलं काम आहे असं मला मनापासून वाटतं. ते कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फेस रेकग्निशनचं मॉडेल एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकवलेलं असतं, हे दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का. त्यासाठी त्याला मुद्दाम शिकवतात की उजेड बदलला, हसू बदललं, मेकअप बदलला, थोडं वय वाढलं तरी दुर्लक्ष कर. आपला प्रश्न वेगळाच आहे. आपल्याला माणूस तोच आहे का एवढंच नाही, तर त्याच फोटोतला तोच चेहरा जसाच्या तसा राहिलाय का हे बघायचंय. म्हणजे ज्या बारीक बदलांकडे मॉडेल काणाडोळा करतं नेमके तेच आपल्याला पकडायचेत. म्हणून दोन चेहरे किती जुळतात हे सांगणारा या मॉडेलचा स्कोअर कामाचा आहे, पण त्याची पट्टी आपली आपण बनवायला लागते.

स्कोअर काढायचा कसा

चेहरे जुळवायला मी ओपनसीव्हीमधलं एसफेस हे मॉडेल वापरतो, चेहरा शोधायला युनेट. दोन्ही मोफत आहेत आणि धंद्यात वापरायला लायसन्सची अडचण नाही. इन्साइटफेसचं `buffalo_l` जास्त लोकांना माहीत असतं आणि ते जास्त ताकदीचंही आहे, पण त्याची तयार मॉडेल्स फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी दिलेली आहेत, तेव्हा पार्टीच्या कामात वापरायचं तर आधी लायसन्सचं बघून घ्या.

```python
import cv2
det = cv2.FaceDetectorYN.create(
    "face_detection_yunet_2023mar.onnx", "", (320, 320))
rec = cv2.FaceRecognizerSF.create(
    "face_recognition_sface_2021dec.onnx", "")

def chehra(path):
    img = cv2.imread(path)
    det.setInputSize((img.shape[1], img.shape[0]))
    _, faces = det.detect(img)
    if faces is None:
        return None
    f = max(faces, key=lambda x: x[2] * x[3])
    return rec.feature(rec.alignCrop(img, f)).copy()

a, b = chehra("original.png"), chehra("edit_07.png")
if a is not None and b is not None:
    print(rec.match(a, b, cv2.FaceRecognizerSF_FR_COSINE))
else:
    print("None")
```

यात होतं काय तर चेहरा सापडतो, डोळे-नाक-ओठांच्या टोकांवरून तो सरळ करून ११२ बाय ११२ पिक्सेलचा केला जातो आणि त्याचे १२८ आकडे निघतात. दोन फोटोंचे हे आकडे एकमेकांशी किती जुळतात तो कोसाइन स्कोअर, जास्तीत जास्त १. ओपनसीव्हीच्या उदाहरणात एकच माणूस धरायची रेषा ०.३६३ दिलीये. आता बघा, ०.३६३ च्या वर गेलं की मॉडेल म्हणतं हो हीच ती. आपल्या कामाला ही रेषा इतकी ढिली आहे की नाक बारीक केलं, हनुवटी टोकदार केली, रंग दोन शेड उजळला, तरी सगळं आरामात पास होईल. म्हणून नेटवरून उचललेला कुठलाच थ्रेशोल्ड लावू नका.

दोन बारक्या गोष्टी आत्ताच सांगतो. `None` आलं तर तो फोटो गुपचूप वगळायचा नाही, वेगळ्या यादीत टाकायचा, कारण चेहरा इतका बिघडलाय की सापडतच नाही हाही निकालच आहे. आणि वरचा कोड सगळ्यात मोठा चेहरा उचलतो, त्यामुळे टीशर्टवर मोठा चेहरा छापलेला असेल तर तोच उचलला जाऊ शकतो. अशा वेळी मूळ फोटोत चेहरा जिथे होता त्याच्या सगळ्यात जवळचा चेहरा घ्यायचा. युनेट साधारण ३०० पिक्सेलपर्यंतच्या चेहऱ्यांसाठी बनलेलं आहे, तेव्हा मोठा क्लोजअप असेल तर मूळ आणि एडिट दोन्ही सारखेच लहान करून मग द्या.

आपली पट्टी: तीन मोजमापं

खरी मेहनत इथे आहे. एडिट मोजायच्या आधी तीन प्रकारच्या जोड्या मोजायच्या.

पहिली, काहीच न बदललेली जोडी. मूळ फोटो आणि त्याचीच जेपेग करून परत सेव्ह केलेली कॉपी, मूळ फोटो आणि लहान करून परत मोठा केलेला फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ फोटो आणि तोच फोटो त्याच टूलमधून कपडे न बदलता काढलेला. टूलमध्ये तशी सोय नसेल तर आहे तोच ड्रेस परत घालायला सांगा. यावरून कळतं की चेहऱ्याला कोणी हात लावला नाही तरी स्कोअर किती खाली येतो.

दुसरी, त्याच शूटमधले त्याच मॉडेलचे वेगवेगळे फोटो, मान जरा वळलेली, हसू कमीजास्त. यावरून तीच बाई पण वेगळा फोटो असेल तेव्हा स्कोअर किती येतो ते कळतं.

तिसरी, वेगळी माणसं. यात कोणीही चालणार नाही, त्याच वयाची, तसाच मेकअप केलेली, तशाच लाइटमधली दुसरी मॉडेल घ्या. सख्ख्या बहिणींचे फोटो परवानगीने मिळाले तर सोन्याहून पिवळं.

समजा पहिल्या प्रकारात ०.९५ ते ०.९९ आलं, दुसऱ्यात ०.७० ते ०.८६ आणि तिसऱ्यात ०.३० च्या आत (हे आकडे समजायला घेतलेत, तुमचे वेगळे येतील आणि तेच वापरायचे). आता एका एडिटचा स्कोअर ०.८१ आला. नुसतं बघितलं तर भारी वाटतं, ०.३६३ च्या कितीतरी वर. पण मान तीच, लाइट तोच, हसू तेच, कारण मूळ फोटो तोच आहे, बदलायचे फक्त कपडे होते. मग हा स्कोअर ०.९५ च्या आसपास हवा होता. ०.८१ म्हणजे दुसऱ्या क्लिकचा फोटो असावा इतका चेहरा हललाय, आणि दुसरा क्लिक तर झालाच नव्हता! म्हणजे टूलने चेहरा नव्याने रंगवलाय. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट हीच, लोक एडिटची तुलना दुसऱ्या पट्टीशी करतात आणि खूश होतात, तुलना करायची पहिल्या पट्टीशी.

यातून दोन रेषा निघतात. दुसऱ्या पट्टीच्या तळाच्या खाली, म्हणजे इथे ०.७० च्या खाली, सरळ बाद. ०.७० ते ०.९५ म्हणजे संशय आहे, प्रत्येक फोटो डोळ्यांनी बघायचा. ०.९५ च्या वर बहुतेक ठीक, पण त्यातलेही काही बघायचेच, का ते पुढे येतं.

लहान चेहऱ्याचा घोळ

साडीचा फोटो म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत. समजा फोटो २००० बाय ३००० पिक्सेलचा आहे आणि चेहऱ्याची उंची २१०. टूल आतमध्ये लांब बाजू १०२४ करून काम करत असेल तर चेहरा उरतो साधारण ७२ पिक्सेलचा. त्यातून स्टेबल डिफ्युजनच्या जातीची टूल्स फोटो ८ पटीने दाबून काम करतात, म्हणजे अख्खा चेहरा उंचीला जेमतेम ९ चौकोनांत बसवलेला. एवढ्यात पापणीची कड, ओठाची रेघ, हनुवटीवरचा तीळ कुठून टिकणार? टूल ते परत उलगडताना अंदाजाने भरतं, मास्क चेहऱ्यावर नसला तरी, कारण पूर्ण फोटोच दाबून उलगडला जातो.

हे ओळखायचं कसं तर पहिल्या पट्टीवरूनच. कपडे न बदलताही स्कोअर ०.८५ ला येत असेल तर दोष कपड्यांच्या एडिटचा नाही, साइझचा आहे. मग प्रॉम्प्ट कितीही बदला, फरक पडणार नाही. फोटो तुकड्यात एडिट करा, किंवा एडिट झाल्यावर मूळ चेहरा मास्क लावून परत चिकटवा. चिकटवल्यावर स्कोअर ०.९९ येईल आणि त्यावर विसंबून राहू नका, कारण तो चेहरा मूळच आहे, स्कोअर दुसरं काय दाखवणार. आता बघायचं हनुवटीखाली, कानामागे आणि मानेवर, तिथे रंगाची पट्टी दिसते का, मान चेहऱ्यापेक्षा गोरी झालीये का.

नथ, फेटा आणि इतर झाकाझाकी

नऊवारीवर टूल बऱ्याचदा स्वतःहून नथ आणि चंद्रकोर देतं, किंवा पार्टीलाच ती हवी असते. नथ नाकाची एक बाजू आणि वरच्या ओठाचा थोडा भाग झाकते, फेटा कपाळ झाकतो, आणि स्कोअर पडतो, चेहरा एक केससुद्धा हललेला नसताना. त्यामुळे कुर्तीचा ०.८४ आणि नथीचा ०.८४ एकाच मापाने तोलणं अन्याय आहे.

उपाय सोपा आहे. मूळ फोटो घ्या, फोटोशॉपमध्ये त्यावर फक्त नथेचं पीएनजी बसवा, बाकी काही करू नका, आणि मूळशी स्कोअर काढा. समजा ०.८७ आला. म्हणजे नथवाल्या फोटोंसाठी वरची रेषा ०.९५ नाही, ०.८७ च्या आसपास. फेट्याचंही तसंच, घुंगटाचंही. मी या प्रत्येक प्रकाराची पट्टी वेगळी ठेवतो आणि एक्सेलमध्ये स्कोअरच्या शेजारी एक कॉलम असतो, काय झाकलंय.

सरासरी सांगू नका, तळ सांगा

आता धरा ४० पोशाख, प्रत्येकाचे ४ पर्याय, १६० फोटो. सगळ्यांचे स्कोअर काढले, सरासरी आली ०.९३. पार्टीला हा आकडा सांगितला की ती खूश, पण कॅटलॉगमध्ये सरासरी छापली जात नाही, एकेक फोटो छापला जातो. १५० फोटो उत्तम आणि १० फोटोंत दुसरीच बाई, तरी सरासरी छान दिसते. म्हणून यादी चढत्या क्रमाने लावा आणि सगळ्यात कमी स्कोअरपासून बघायला सुरुवात करा. मग पोशाखानुसार गट करा आणि प्रत्येक गटातला सगळ्यात कमी स्कोअर लिहा. बहुतेक वेळा दिसतं की वाईट स्कोअर विखुरलेले नसतात, ठरावीक पोशाखात गोळा झालेले असतात, बंद गळा, मोठी कॉलर, डोक्यावर पदर, म्हणजे जिथे कपडा चेहऱ्याला चिकटतो आणि मास्क हनुवटीवर चढतो. मग दुरुस्ती कुठे करायची ते आपोआप कळतं.

अजून एक, तुलना नेहमी मूळ फोटोशी. काही जण आधी साडी चढवतात, त्या एडिटवर दागिने, त्यावर परत ब्लाउजचा रंग. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीशी ०.९७ दाखवते आणि पाचव्या पायरीला मूळशी मोजलं तर ०.८२. प्रत्येक वेळी थोडं थोडं सरकलं की शेजारच्या दोन पायऱ्यांत काही जाणवत नाही.

आणि तुमचं टूल चेहरा टिकवायला स्वतःच फेस रेकग्निशनचे आकडे वापरत असेल, जसं आयपी-अडॅप्टर फेसआयडी किंवा इन्स्टंटआयडी, जी इन्साइटफेसचे आकडे घेतात, तर त्याच मॉडेलने मोजू नका. ते टूल त्या आकड्यांशी जुळवूनच चेहरा बनवतं, मग स्कोअर चांगला येणारच, दिसायला चेहरा वेगळा असला तरी. मोजायला नेहमी दुसरं मॉडेल.

आता डोळ्यांनी

शेजारी शेजारी ठेवून बघायचं म्हणजे दोन पूर्ण फोटो टीव्हीवर लावणं नाही. पूर्ण फोटो दिसला की नजर साडीवर जाते, आणि भरजरी साडीतला चेहरा आपल्याला उगाच जास्त देखणा वाटतो. चेहरा कापून घ्या, कान आणि मानेचा वरचा भाग धरून, आणि दोन्ही फोटोंत नेमक्या त्याच जागेवरून, त्याच मापाचा चौकोन. एडिटमध्ये चेहरा वेगळा शोधून कापलात तर डोकं लहान झालेलं किंवा सरकलेलं कळणारच नाही, दोन्ही कापलेले चेहरे नीट बसलेले दिसतील. डोकं शरीराच्या मानाने लहान होणं ही कपडे बदलणाऱ्या टूल्सची नेहमीची खोड आहे, आणि स्कोअरला ती दिसत नाही कारण तो चेहरा आधी एकाच मापाचा करून घेतो.

मग दोन प्रकारे बघा. एकदा शेजारी शेजारी, डावा-उजवा दरवेळी अदलून बदलून, म्हणजे मूळ कुठला ते बघणाऱ्याला कळू नये. आणि एकदा एकावर एक ठेवून पटपट आलटून पालटून. शेजारी ठेवल्यावर रंग आणि एकूण भाव कळतो, आलटून पालटून बघताना जबडा आत गेला, भुवई उचलली, डोळा मोठा झाला हे हललेलं दिसतं. दोन्ही लागतात.

बघणाऱ्याला "हीच आहे ना?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "कुठे फरक दिसतो?" असं विचारा आणि ठरलेली ठिकाणं द्या: डोळे, नाक, ओठ-दात, जबडा, तीळ-डाग, रंग, मान. निदान दोघांना बघायला द्या, एक मॉडेलला चांगलं ओळखणारा आणि एक अजिबात न ओळखणारा. अनोळखी चेहरे जुळवण्यात माणसं चुकतात हे संशोधनातून पक्कं झालेलं आहे, ओळखीच्या चेहऱ्यात मात्र नजर फार तीक्ष्ण असते. आमच्याकडे मेकअप करणारी ताई एका फोटोवर लगेच म्हणाली, "अहो, हिचा खालचा ओठ डावीकडे जरा भरलेला आहे, यात दोन्ही बाजू सारख्या झाल्यात." स्कोअर वरच्या रेषेच्याही पुढे होता. टूल चेहरे सममित करतात, आणि माणसाचा चेहरा माणसाचा वाटतो तो बऱ्याचदा त्या असमानतेमुळेच.

बघणाऱ्यांची परीक्षाही आतच घालून ठेवा. प्रत्येक ३० जोड्यांमध्ये ३ जोड्या मूळ आणि मूळच ठेवा, आणि ३ जोड्या अशा की ज्यात तुम्ही स्वतः लिक्विफायने जबडा थोडासा आत घेतलाय किंवा तीळ काढलाय. जो मूळ-मूळमध्येही फरक सांगतो त्याच्या तक्रारी जरा सावधपणे घ्या, जो काढलेला तीळ पकडत नाही त्याच्या "सगळं ठीक" ला फार किंमत देऊ नका. ३० जोड्यांनंतर चहा प्यायला उठवा, नजर थकते.

रंग आणि सगळ्यांची मिळून एकच खोड

रंगाचं वेगळं लिहितो कारण यावर माझा जीव तुटतो. लग्नाचे, भरजरी पोशाख चढवताना टूल कातडी उजळ करू शकतं, कोणी सांगितलेलं नसताना, आणि स्कोअर जवळपास हलत नाही. सावळ्या मुलीने सावळी म्हणून काम घेतलंय, तिला गोरं करून छापणं हा तिचा अपमान आहे. मोजायचं असं, डोळ्याखालचा गाल आणि कपाळ यातला एकेक छोटा चौकोन दोन्ही फोटोंत त्याच जागेवरून घ्या, लॅब कलरमध्ये बदला आणि उजळपणाचा आकडा, म्हणजे एल, वजा करा. हनुवटीजवळचा भाग टाळा, तिथे लाल साडीची झाक खरोखरच पडू शकते. एका फोटोत एल एखाद-दोनने हलला तर चालतं. पण ४० पैकी ३५ फोटोंत तो वरच गेला असेल, अगदी थोडासा का होईना, तर तो योगायोग नाही, टूलची सवय आहे.

याच विचारातून एक फार उपयोगी युक्ती निघते. सगळ्या एडिटमधले चेहरे त्याच जागेवरून कापलेले आहेतच, तर त्यांची सरासरी काढून एकच चेहरा बनवा आणि मूळच्या शेजारी ठेवा.

```python
import numpy as np, cv2, glob
x, y, w, h = 880, 260, 240, 300
s = [cv2.imread(p)[y:y+h, x:x+w].astype(np.float32)
     for p in glob.glob("edits/*.png")]
cv2.imwrite("sarasari.png", np.mean(s, axis=0))
```

यासाठी सगळे फोटो मूळच्याच मापाचे हवेत, आणि नथ-फेटेवाले वगळा. एका फोटोत नाक उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे सरकलं असेल तर ते एकमेकांत विरघळतं आणि चित्र थोडं धूसर होतं. पण प्रत्येकात नाक थोडंसं बारीक झालं असेल, प्रत्येकात गालावरचा तीळ गेला असेल, तर तो बदल सरासरीत स्वच्छ उरतो. एकेका जोडीत जो फरक "असेल बाबा, कॉम्प्रेशनचा" म्हणून सोडून दिला जातो तो इथे समोर उभा राहतो. ०.९५ च्या वरचे फोटोही बघायचे असं वर म्हटलं ते याचसाठी.

नोंद काय ठेवायची

प्रत्येक फोटोची एक ओळ: फाइलचं नाव, पोशाख, काय झाकलंय, मूळशी स्कोअर, एलचा फरक, दोन्ही बघणाऱ्यांनी सांगितलेली ठिकाणं आणि निकाल. स्कोअर चांगला पण डोळ्यांनी नापास असेल तर फोटो बाद, स्कोअर वाईट पण दोघांनाही फरक सापडला नाही तर आधी झाकलंय का आणि चेहरा बरोबर सापडलाय का ते तपासा, मग तिसऱ्याला दाखवा. टूलचं नवीन व्हर्जन आलं की पहिली पट्टी नव्याने काढा, जुनी चालत नाही. काम संपलं की चेहऱ्याचे ते १२८ आकडे डिलीट करा, त्यावरून माणूस ओळखता येतो, आणि मॉडेलकडून परवानगी घेताना हे मोजमाप होणार आहे हेही लिहून घ्या. पास आणि बाद दोन्ही फोटो तिला दाखवायची मी पद्धत ठेवलीये, तिने एखादा पास झालेला फोटो "ही मी नाही" म्हणून काढायला सांगितला तर तो निघतो, मग स्कोअर ०.९८ का असेना.